ताटलीतलं पाणी कुठे गेलं?

*ताई, मी तिसरीला शिकवते. पुढच्या आठवड्यात जलचक्राचा पाठ आहे. मागच्या वर्षी फळ्यावर समुद्र, सूर्य, ढग, बाण असं सगळं काढलं, मुलांनी वहीत उतरवलं, बाष्पीभवन-सांद्रीभवन पाठही केलं. मग एकाने विचारलं, "बाई, पाणी वर जाताना आपल्याला दिसत का नाही?" आणि दुसरी म्हणाली, "समुद्राला उकळतं कोण?" मला नीट उत्तर देता आलं नाही. वर्गातली निम्मी मुलं घरी हिंदी बोलतात, लांब वाक्यं त्यांच्या डोक्यावरून जातात. शब्द आणखी सोपे करू का? की अवघड शब्द गाळूनच टाकू? मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत एक छोटं गाणं करावं असं मनात आहे, म्हणजे गाण्यातूनच सगळं समजेल. काय करू?*
*– एक शिक्षिका*

बाई, त्या दोन मुलांना शोधून काढा आणि त्यांना पहिल्या बाकावर बसवा. त्यांचे प्रश्न तुमच्या पाठाच्या बरोबर मधोमध बोट ठेवतात. बाकीच्या वर्गाला हे प्रश्न पडले नाहीत याचं कारण त्यांना सगळं समजलं होतं असं नाही. बाण समुद्रातून निघतो आणि ढगाला टेकतो, एवढं चित्र त्यांनी पाहिलं आणि मान्य करून टाकलं.

म्हणून शब्द सोपे करायचे की नाही, हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. तुमच्या मुलांना अडतंय ते 'बाष्पीभवन' या शब्दापाशी नाही. 'पाणी दिसत नसतानाही हवेत असतं' ही गोष्ट त्यांनी अजून कुठे अनुभवलेलीच नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या लेखी जे दिसत नाही ते संपलं. तो विश्वास हलल्याशिवाय तुम्ही 'पाण्याची वाफ होते' म्हणा, नाहीतर 'पाणी उडून जातं' म्हणा, मूल ऐकून घेईल आणि मनात आपलंच ठेवील. जलचक्रातला खरा अवघड टप्पा हा एकच आहे. तो नीट पार पडला की ढग, पाऊस, नदी ही गोष्ट मुलं पुष्कळशी स्वतःच जुळवतात.

तेव्हा समुद्र सध्या राहू द्या. ताटलीपासून सुरुवात करा.

सारख्या आकाराच्या तीन स्टीलच्या ताटल्या घ्या. प्रत्येकीत औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजून 10 मिली पाणी घाला. एक ताटली खिडकीत उन्हात, दुसरी कपाटावर सावलीत आणि तिसरी सावलीतच, पण वर काचेचा वाडगा उपडा झाकून. स्टीलच का, तर 'पाणी ताटलीत मुरलं' ही वाट आधीच बंद व्हावी म्हणून. मातीची किंवा कागदाची बशी घेतली तर निम्मा वर्ग तेच म्हणणार, आणि त्यांचं काही चुकणारही नाही. सकाळी ठेवा, मधल्या सुट्टीत पाहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

उन्हातली ताटली आधी कोरडी होईल. तेवढ्यावर थांबलात तर मुलं म्हणतील, 'सूर्याने पाणी प्यायलं.' गाण्यांत आणि गोष्टींत हे वाक्य इतकं येतं, की त्यांना ते शास्त्रच वाटतं. सावलीतली ताटली इथे कामाला येते. ती उशिरा वाळते, पण वाळते. तिच्यावर ऊन पडलेलं नव्हतं आणि तिला कुणी उकळलंही नव्हतं. पाणी कुठल्याही तापमानाला पृष्ठभागावरून हवेत जातच असतं. उष्णतेने त्याचा वेग वाढतो आणि ती उष्णता मुळात सूर्याची असते, एवढाच सूर्याचा वाटा. 'समुद्राला उकळतं कोण' याचं उत्तर त्या कपाटावरच्या ताटलीत आहे: कुणीच नाही.

झाकलेल्या ताटलीत मात्र पाणी शिल्लक असेल आणि वाडग्याला आतून बारीक थेंब लागलेले दिसतील. इथे घाई करू नका. वाडगा वर्गात फिरवा, बोट लावू द्या आणि एकच प्रश्न विचारा: "पाणी तर खाली होतं, मग वर काचेवर कसं आलं? मध्ये तुम्हाला ते दिसलं का?" कुणीतरी म्हणेल, 'हवेतून आलं.' ते वाक्य त्या मुलाच्या तोंडून यायला हवं.

हा प्रयोग फसतो तो पावसाळी दिवसात. हवा आधीच दमट असली तर सावलीतली ताटली दोन-दोन दिवस तशीच राहते. तसं झालं तर पाणी 5 मिलीच घ्या किंवा ताटली पंख्याखाली ठेवा. वाऱ्याने पाणी लवकर वाळतं, हेही त्यात कळून जातं.

दुसऱ्या दिवसाचा प्रयोग उलट दिशेचा. हवेतलं न दिसणारं पाणी परत दिसायला लावायचं. एका स्टीलच्या ग्लासात पाणी, त्यात लाल किंवा निळा खायचा रंग आणि मूठभर बर्फ. वर झाकण ठेवा आणि ग्लास बाहेरून कोरडा पुसून मुलांसमोर ठेवा. शेजारी तसाच दुसरा ग्लास, साध्या पाण्याचा, बर्फाशिवाय. दहा मिनिटांत पहिला ग्लास बाहेरून ओला होईल, दुसरा कोरडाच राहील.

हे पाणी कुठून आलं, असं विचारलंत की दोन उत्तरं हमखास येतात: 'ग्लास गळतोय' आणि 'बर्फाचा गारवा बाहेर आला'. पहिल्या उत्तरासाठी रंग घातलेला आहे. पांढऱ्या कागदाने ग्लास बाहेरून पुसा, कागदावर रंग उतरत नाही. दुसरं उत्तर जास्त चिवट आहे. त्यासाठी 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा मिळाला तर मिळवा. ग्लास कोरडा पुसून झाकणासकट वजन करा आणि चांगला ओला झाल्यावर पुन्हा करा. वजन थोडंसं वाढलेलं दिसतं. आतून काही बाहेर आलं असतं तर एकूण वजन वाढलं नसतं, हे तिसरीतल्या मुलालाही पटतं. म्हणजे पाणी बाहेरून आलं, आणि बाहेर तर फक्त हवा होती.

हवा फार कोरडी असेल तर ग्लासावर थेंब येत नाहीत. मग बर्फ वाढवा, थोडं थांबा. तरीही जमलं नाही तर आरसा घ्या आणि त्यावर जवळून श्वास सोडायला लावा. तोही तोच प्रयोग आहे, आणि त्यात फुकट म्हणून हसू मिळतं.

एवढं झाल्यावरच ढगाकडे वळा. 'ढग म्हणजे वाफ' असं आपण सगळेच बोलतो, आणि तुमच्या पहिल्या विद्यार्थ्याचा प्रश्न तिथेच अडकला आहे. पाण्याची वाफ हा वायू आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. ढग दिसतो, कारण तो पाण्याच्या अतिशय बारीक थेंबांचा असतो. थंड प्रदेशात आणि फार उंचावर बर्फाच्या कणांचाही, पण तिसरीला थेंब पुरे. किटलीतलं पाणी उकळताना लांबून दाखवता आलं तर हे लखलखीत कळतं. नळीच्या अगदी तोंडाशी थोडी मोकळी जागा असते, तिथे काहीच दिसत नाही. जरा पुढे पांढरा लोट सुरू होतो. खरी वाफ त्या मोकळ्या जागेत आहे. पांढरा लोट म्हणजे गार होऊन परत थेंब झालेलं पाणी. किटली मुलांपासून दूर आणि हाताळणारे तुम्ही एकट्याच, हे सांगायला नको.

पण किटलीने पाठाची सुरुवात करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. पुष्कळ ठिकाणी गॅसवर पाणी उकळून वर थंड ताटली धरतात आणि 'हे झालं जलचक्र' म्हणतात. दिसायला छान दिसतं, आणि मूल घरी घेऊन जातं ते एवढंच, की पाणी उकळल्याशिवाय वर जात नाही. मग समुद्राला कोण उकळतं, हा प्रश्न पडणारच. आत थोडं पाणी घालून खिडकीला चिकटवलेली झिपची पिशवीसुद्धा लोकप्रिय आहे. ती चांगली आहे, फक्त आकाशाला प्लॅस्टिकचं झाकण नसतं हे बोलून दाखवावं लागतं. ढग कशाला तरी चिकटून तयार होतो, असं तिच्यावरून मुलांना वाटतं.

मग ढगातले थेंब कशावर जमतात? हवेतल्या धुळीच्या, धुराच्या, समुद्री मिठाच्या कणांवर. स्कॉटलंडचे जॉन एटकेन यांनी 1880 च्या सुमारास दोन काचपात्रं घेतली, एकात साधी हवा आणि दुसऱ्यात कापसातून गाळलेली. दोन्हींत वाफ सोडली. साध्या हवेचं पात्र धुक्याने भरलं, गाळलेल्या हवेचं स्वच्छच राहिलं. वर्गात याची धाकटी आवृत्ती करता येते. काचेच्या बरणीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी तळाशी दोन बोटं घाला, तोंडावर बर्फाची ताटली ठेवा. काही मिनिटं गेली की ताटली क्षणभर उचला, नुकत्याच विझवलेल्या काडीचा धूर आत सोडा आणि पुन्हा झाका. बरणीमागे काळा कागद धरून बाजूने टॉर्च मारला की पांढरट भोवरा फिरताना दिसतो. धूर सोडला नाही, तर बहुतेक वेळा ताटलीखाली नुसते थेंब जमतात आणि 'ढग कुठाय' म्हणून वर्ग तुमच्याकडे बघत राहतो. काडी अर्थातच तुम्ही ओढायची.

खऱ्या आकाशात बर्फाच्या ताटलीचं काम उंची करते. जमिनीलगतची तापलेली हवा वर चढते, वर दाब कमी असतो म्हणून ती पसरते आणि पसरताना गार होते. सरासरीने दर किलोमीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मुलांना आकडा सांगू नका, 'वर थंड असतं' इतकं बस. मात्र एक आकडा त्यांना फार आवडतो: ढगातला एक थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो, आणि पावसाचा एक मध्यम थेंब बनायला तसे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. ढग लगेच खाली का पडत नाही, याचंही उत्तर इथेच मिळतं. इतके बारीक थेंब सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर खाली सरकतात, आणि वर चढणारी हवा त्यांना उचलून धरते. थेंब एकमेकांवर आपटून मोठे झाले की हवेला ते पेलत नाहीत. तोच पाऊस.

आता वाक्यांबद्दल. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला अडवतो तो वाक्याचा सांधा. 'सूर्याच्या उष्णतेमुळे तापलेल्या पाण्याची वाफ होऊन ती वर गेल्यावर थंड झाल्याने ढग तयार होतात' या एका वाक्यात पाच घटना कोंबल्या आहेत, आणि 'होऊन', 'गेल्यावर', 'झाल्याने' यांतून वाट काढता काढता मूल दमतं. एका वाक्यात एकच घटना ठेवा आणि प्रत्येक वाक्यात कर्ता पुन्हा उच्चारा, 'ते', 'ती', 'त्याने' असं म्हणू नका. मी असं सांगेन:

> ताटलीत पाणी होतं.
> पाणी हवेत गेलं.
> हवेतलं पाणी दिसत नाही.
> हवा वर जाते.
> वर थंड असतं.
> थंड हवेत पाण्याचे बारीक थेंब होतात.
> पुष्कळ बारीक थेंब म्हणजे ढग.
> बारीक थेंब एकत्र येतात.
> मोठा थेंब जड असतो.
> मोठा थेंब खाली पडतो. पाऊस पडतो.
> पावसाचं पाणी नदीत जातं, मातीत जातं, झाडात जातं.
> तिथूनही पाणी हवेत जातं.

शेवटचं वाक्य गाळू नका. फळ्यावरच्या चित्रात पाणी फक्त समुद्रातून वर जातं. समुद्राचा वाटा सर्वांत मोठा आहे हे खरं, पण ओल्या मातीतून, तळ्यांतून आणि झाडांच्या पानांतूनही पाणी हवेत जातच असतं. चित्र काढायचंच असेल तर नदीवरून, शेतातून, झाडावरून आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरूनही बाण काढा. आणि ते बाण तुटक काढा. 'इथे पाणी आहे पण दिसत नाही' याची ती खूण, हे वर्गात आधीच ठरवून ठेवा.

अवघड शब्द गाळायचेही नाहीत. प्रयोग झाला, मुलांनी आपल्या शब्दांत सांगितलं, की मग ताटलीकडे बोट दाखवून म्हणा, "याला मोठी माणसं बाष्पीभवन म्हणतात." ग्लासाकडे दाखवून, "याला सांद्रीभवन." शब्द मागून आला की त्याला टेकायला वस्तू असते. पुढच्या इयत्तांत हे शब्द लागणारच आहेत.

गाण्याबद्दल तुमच्याशी थोडी असहमत आहे. गाण्यातून समजत नाही, गाण्यातून लक्षात राहतं. म्हणून गाणं तिसऱ्या दिवशी, प्रयोगांनंतर घ्या, आणि त्यात मुलांनी पाहिलेलं नाही असं काही घालू नका. 'थेंबूताई आकाशात गेली' छापाची गाणी मी टाळते. त्यांत थेंब थेंबाच्याच रूपात वर जातो, तोंड-डोळ्यांसकट. खरं तर ताटलीतला थेंब वर जातच नाही. त्यातले दिसणार नाहीत एवढे कण सुटे सुटे होऊन हवेत पांगतात, आणि पुढे वेगवेगळ्या थेंबांत सापडतात.

तुमच्यासाठी हे केलंय. मराठी:

> ताटलीतलं पाणी कुठे बरं गेलं?
> हवेत मिसळलं, दिसेनासं झालं.
> हवा चढली वर, गारठून गेली,
> इवल्या थेंबांची दाटी तिथे झाली.
> थेंबाला थेंब भेटले, झाले जड जड,
> खाली आले धावत, तडतड तड.
> नदीत काही गेले, मातीत काही मुरले,
> हळूहळू पुन्हा ते हवेत विरले.

आणि हिंदी:

> थाली का पानी कहाँ चला?
> चुपके-चुपके हवा में घुला।
> हवा चढ़ी ऊपर, ठंडक पाई,
> नन्ही बूँदों की बदली छाई।
> बूँद से बूँद मिली, हुई भारी,
> टप-टप आ गई नीचे सारी।
> कुछ नदी पहुँची, कुछ मिट्टी में सोई,
> धीरे-धीरे फिर हवा में खोई।

दोन्हींत घटनांचा क्रम एकच आहे, त्यामुळे दोन-दोन ओळींची अदलाबदल करता येते. मराठीच्या दोन ओळी एका गटाने म्हणायच्या, लगेच त्याच प्रसंगाच्या हिंदी दोन ओळी दुसऱ्या गटाने. मग गट बदलायचे. फक्त हिंदी बोलणाऱ्या मुलांचा गट वेगळा करू नका, सगळ्यांनी दोन्ही म्हणावं. पाठ झालं की ओळीमागून ओळ थांबवून विचारा, "हे आपण कुठे पाहिलं?" 'हवेत मिसळलं' म्हणताना ताटलीकडे बोट जायला हवं, 'इवल्या थेंबांची दाटी' म्हणताना बरणीकडे. ज्या ओळीला कुणाचंच बोट उठत नाही, तिथला प्रयोग पुन्हा करायचा. गाण्यात सूर्य मुद्दाम घेतलेला नाही. 'ऊन पडलं की' असं घातलं असतं तर कपाटावरची ताटली खोटी पडली असती.

समजलं की नाही, हे चक्राचं चित्र काढायला लावून कळत नाही, कारण चित्र पाठ होतं. त्याऐवजी न शिकवलेला प्रसंग द्या. फळा ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि विचारा, "फळ्यावरचं पाणी आत्ता कुठे आहे?" 'संपलं' असं उत्तर आलं तर पहिल्या दिवसाच्या ताटल्या पुन्हा मांडा. 'ढगात गेलं' असं आलं तर मुलाने मधला टप्पा उडी मारून ओलांडला आहे. 'आत्ता आपल्या वर्गातच आहे?' असं त्याला विचारून पाहा. 'इथेच हवेत आहे, दिसत नाही' असं उत्तर आलं तर पाठ झाला असं समजा, मग त्या मुलाला बाष्पीभवन हा शब्द आठवो न आठवो. दुसरा प्रश्न फ्रिजमधल्या बाटलीचा: बाहेरून ओली झालेली बंद बाटली पुसून टाकली, तर आतलं पाणी कमी झालं का?

सगळं मिळून तीन दिवस लागतील, रोज अर्धा तास. तेवढा वेळ नसेल तर बरणी सोडा, ताटल्या आणि ग्लास सोडू नका.

एक तयारी आधीच ठेवा. 'समुद्र खारट, मग पाऊस गोड कसा?' असं कुणीतरी विचारतंच. एका ताटलीत 10 मिली पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून तीही वाळायला ठेवा, म्हणजे उत्तरासाठी तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही. मिठामुळे ती बाकीच्यांपेक्षा सावकाश वाळते, तेव्हा पहिल्याच दिवशी ठेवा.